समुद्रातून वाचवलेली माणसं उतरवायची कुठे?

४ ऑगस्ट २०२० रोजी माल्टाच्या बचाव समन्वय केंद्राने भूमध्य समुद्रातल्या एका टँकरला कळवलं, की तुमच्या जवळपास एक होडी संकटात आहे, तिच्याकडे जा. टँकर होता डेन्मार्कचा झेंडा लावलेला ‘मर्स्क एटिएन’. कॅप्टनने जहाज वळवलं आणि होडीतल्या सत्तावीस जणांना वर घेतलं. त्यांत एक गरोदर बाई होती, एक लहान मूलही होतं. रिकामी झालेली होडी त्यानंतर बुडाली. इथवर सगळं व्हायला हवं तसंच झालं.

त्यापुढे अडतीस दिवस ती सत्तावीस माणसं त्याच जहाजाच्या डेकवर होती. माल्टाचं म्हणणं असं, की बचाव आमच्या क्षेत्रात झालेला नाही आणि जहाज डेन्मार्कचं आहे, तेव्हा डेन्मार्कने बघावं. डेन्मार्क माल्टाशी बोलत राहिला. ट्युनिशियानेही घेतलं नाही. जहाज माल्टाजवळ थांबून राहिलं. ६ सप्टेंबरला तिघांनी समुद्रात उड्या मारल्या. त्याच खलाशांनी त्यांना पुन्हा बाहेर काढलं. जहाजमालकांची आंतरराष्ट्रीय संघटना, संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, या तिघांनी मिळून निवेदन काढलं, की या माणसांना उतरवून घ्या. शेवटी ११ सप्टेंबरला एका इटालियन स्वयंसेवी संस्थेचं ‘मारे योनियो’ हे जहाज आलं, त्यावर ही माणसं चढली आणि दुसऱ्या दिवशी सिसिलीतल्या पोझ्झालो बंदरात उतरली. त्यानंतर काही महिन्यांनी टँकरच्या कंपनीने त्या संस्थेला सव्वा लाख युरो दिले, आणि ‘हा पैशासाठी केलेला व्यवहार तर नव्हता ना’ म्हणून इटलीत तपास सुरू झाला.

हा प्रसंग मी निवडला, कारण यात कोणीही कायदा धाब्यावर बसवून माणसांना मरू दिलेलं नाही. होडीची खबर देणाऱ्याने दिली, वाचवणाऱ्याने वाचवलं. तरीही सत्तावीस माणसं आणि एका जहाजाचे खलाशी पाच आठवडे अडकून पडले. दोष कॅप्टनच्या हिमतीत किंवा कुणाच्या दयेत नव्हता. दोष नियमात होता. वाचवायचं कुणी, हे नियम नेमकं सांगतो. उतरवून घ्यायचं कुणी, यावर तो पुटपुटतो.

नाशिकमध्ये बसून हे का लिहायचं, असं कुणी विचारेल. आपल्याला नदी माहीत, धरण माहीत. समुद्राशी संबंध अलिबाग-दिवेआगरच्या सहलीपुरता. पण मी द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते, आणि हंगामात माझं निम्मं लक्ष समुद्रावरच असतं. दिंडोरी-निफाडच्या पॅकहाऊसमधून भरलेला रीफर कंटेनर न्हावा-शेव्याला जातो, तिथून सुएझमार्गे युरोपला. एका कंटेनरमध्ये साधारण तेरा टन माल, तापमान शून्याच्या आसपास आणि दिवस मोजलेले. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा दोन आठवड्यांच्या उशिराने काय होतं हे इथल्या प्रत्येक निर्यातदाराने सोसलं आहे. सुएझ ओलांडल्यावर हीच जहाजं माल्टा आणि सिसिलीच्या जवळून जातात. म्हणजे ‘मर्स्क एटिएन’वर जे आलं, ते उद्या आपली द्राक्षं नेणाऱ्या जहाजावरही येऊ शकतं. शिवाय त्या जहाजांच्या ब्रिजवर आणि इंजिनरूममध्ये आपलीच मुलं असतात. नाशिकच्या किती घरांतली मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

माझा भाचा टँकरवर सेकंड ऑफिसर आहे. हा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “मावशी, माणसं वर घेणं आम्हाला शिकवलेलं असतं, त्याची प्रॅक्टिस होते. त्यांना खाली कुठे सोडायचं, ते कुणीच शिकवत नाही. ते कॅप्टनच्याही हातात नसतं.”

वर घेणं तरी सोपं असतं का? रेडिओच्या चॅनल सोळावर हाक येते किंवा बचाव केंद्राचा संदेश येतो. जहाज वाट सोडून निघतं. होडीजवळ पोचल्यावर वाऱ्याला आडवं होऊन अशा बेताने उभं राहावं लागतं, की आपल्या जहाजाच्या आडोशाला होडीला लाटा कमी लागतील. मोठ्या कंटेनर जहाजाची भिंत पाण्यापासून काही मजले उंच असते. तिथून पायलट लॅडर किंवा जाळं सोडायचं आणि दिवसदिवस उपाशी, गारठलेल्या माणसांनी त्यावरून चढायचं. सगळ्यांत धोक्याचा क्षण तोच. मदत दिसली की होडीतले सगळे एकदम त्या बाजूला धावतात आणि होडी कलंडते. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री लिबियाच्या उत्तरेला हेच झालं. ‘किंग जेकब’ नावाचं मालवाहू जहाज मदतीला आलं होतं. माणसांनी खच्चून भरलेला मासेमारीचा ट्रॉलर त्याला धडकला, उलटला आणि आठशेच्या आसपास माणसं गेली. वाचली अठ्ठावीस. मालवाहू जहाज बचावासाठी बांधलेलं नसतं. ते बचाव करतं, कारण त्या घटकेला तिथे दुसरं कोणी नसतं.

माणसं वर आल्यावर दुसरा हिशेब सुरू होतो. वीस-पंचवीस खलाशांसाठी भरलेला शिधा, तेवढ्यांचेच संडास, तेवढ्यांच्याच लाइफबोटी. डॉक्टर नाही. टँकर असेल तर डेकवर आगकाडीसुद्धा ओढता येत नाही, मग कुणासाठी चूल मांडणार? खलाशी आपल्या पाळ्या सांभाळून ताडपत्र्या बांधतात, जेवण रांधतात, रात्री पहारा ठेवतात. एक-दोन दिवस हे निभतं. पण जहाजाला दिशा देणारं बंदरच नसेल, तर वाचवलेल्या माणसांच्या मनात ‘हे आपल्याला परत तिथेच नेणार’ ही भीती शिरते. तिघांनी उड्या मारल्या त्या या भीतीने आणि थकव्याने.

आता कायदा. समुद्रात जीव धोक्यात असलेल्या माणसाला मदत करायची, हे बंधन १९१० च्या ब्रसेल्स करारापासून लेखी आहे. आज ते समुद्र कायद्याच्या कराराच्या ९८ व्या कलमात आहे आणि जहाजांच्या सुरक्षेच्या ‘सोलास’ करारातही आहे. आपलं जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका नसेल, तर कॅप्टनने शक्य तितक्या वेगाने जायचं. होडीतला माणूस कोण, कुठल्या देशाचा, कशासाठी निघाला, हे विचारायचं नाही. भारतानेही हे मान्य केलं आहे आणि आपल्या जहाजांच्या कायद्यात आणलं आहे. हे बंधन थेट एका माणसाच्या, कॅप्टनच्या, अंगावर येतं. टाळलं तर शिक्षा त्याला.

दुसरा करार १९७९ चा, शोध आणि बचावाचा. त्याने जगातले समुद्र बचाव क्षेत्रांत वाटले आणि प्रत्येक क्षेत्र एकेका देशाकडे सोपवलं. या करारात बचावाची जी व्याख्या आहे, तिचे तीन भाग आहेत: संकटातल्या माणसाला बाहेर काढणं, त्याच्या सुरुवातीच्या गरजा भागवणं आणि त्याला सुरक्षित जागी पोचवणं. म्हणजे तिसरं पाऊल पडेपर्यंत बचाव पुरा होत नाही. पण ती सुरक्षित जागा कुणी द्यायची, हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

ही फट जगाने ऑगस्ट २००१ मध्ये पाहिली. ‘टँपा’ हे नॉर्वेचं जहाज ऑस्ट्रेलियाहून सिंगापूरकडे चाललं होतं. ऑस्ट्रेलियाच्याच बचाव केंद्राच्या हाकेवरून त्याने बुडत्या इंडोनेशियन बोटीतल्या चारशे अडतीस जणांना वर घेतलं. जीव वाचवण्याची सामग्री पन्नास माणसांपुरती होती. जवळचं ठिकाण ऑस्ट्रेलियाचं ख्रिसमस बेट. कॅप्टन आर्ने रिन्नान तिकडे निघाले, तर ऑस्ट्रेलियाने प्रवेश नाकारला. बचाव इंडोनेशियाच्या क्षेत्रात झाला, तिकडे न्या, असं सांगितलं. माणसांची प्रकृती ढासळते आहे हे बघून रिन्नान हद्दीत शिरले, तेव्हा जहाजावर कमांडो चढवले. पुढे ती माणसं नौदलाच्या जहाजातून नाउरू आणि न्यूझीलंडला गेली.

या प्रकरणानंतर २००४ मध्ये ‘सोलास’ आणि शोध-बचावाचा, हे दोन्ही करार दुरुस्त झाले आणि १ जुलै २००६ पासून दुरुस्त्या लागू झाल्या. आता ज्या देशाच्या बचाव क्षेत्रात माणसं सापडतील, त्याच्यावर प्राथमिक जबाबदारी आली. पण ती कसली? सुरक्षित जागा ‘देण्याची’ नाही. देशादेशांत समन्वय आणि सहकार्य ‘घडवून आणण्याची’. कॅप्टनला त्याच्या ठरल्या वाटेपासून कमीत कमी भरकटू देऊन मोकळं करावं, हेही त्यात आहे. सोबत मार्गदर्शक सूचना आल्या. जिथे जिवाला धोका उरत नाही, अन्न-निवारा-औषध मिळतं आणि पुढच्या प्रवासाची सोय होऊ शकते, ती सुरक्षित जागा. माणसं तूर्त बुडत नाहीत एवढ्यावरून त्यांना वाचवणारं जहाजच सुरक्षित जागा ठरत नाही, असंही त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. माल्टाने या दुरुस्त्या स्वीकारल्याच नाहीत. ‘मर्स्क एटिएन’ ज्या पाण्यात अडकलं, तिथे नियम आधीच दोन तऱ्हेने वाचले जात होते.

मग २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटना म्हणजे आयएमओ, हिच्या एका समितीने परिपत्रक काढलं, आणि त्यात शेवटी ते वाक्य आलं, जे करारात असायला हवं होतं: दुसरीकडे लवकर सोय होत नसेल, तर ज्या देशाचं बचाव क्षेत्र आहे त्याने वाचवलेल्यांना आपल्या ताब्यातल्या सुरक्षित जागी उतरवून घ्यावं. परिपत्रक बंधनकारक नसतं. पंधरा वर्षांहून जास्त काळ ते वाक्य शिफारस बनून राहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. ते वाक्य उचलून करारात घालावं, त्याला तासांची मर्यादा जोडावी आणि आपल्या वाट्याच्या समुद्रापुरतं भारताने ते आजपासून पाळायला लागावं.

यात एक भेद नीट ठेवायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. उतरवून घेणं म्हणजे ठेवून घेणं नव्हे. बंदरावर पाय ठेवल्याने कुणाला नागरिकत्व मिळत नाही, राहण्याचा हक्कही मिळत नाही. कोण खरोखर छळातून पळालेला आहे, कोण कामधंद्यासाठी निघालेला, कुणाला परत पाठवायचं, कुणाला तिसऱ्या देशात, हे सगळे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना वेळ लागतो. पण ते प्रश्न जहाजाच्या डेकवर सुटत नाहीत. तिथे ना दुभाषी असतो, ना वकील, ना बोटांचे ठसे घेणारं यंत्र.

हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेला नवीन नाही. कसारा घाटात अपघात झाला आणि कुणी जखमीला गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, तर पूर्वी काय व्हायचं ते आठवा. दवाखाना म्हणायचा, पोलीस केस आहे, सरकारी रुग्णालयात न्या. पोलीस आणणाऱ्यालाच बसवून ठेवायचे. परिणाम असा, की लोक गाडीची काच वर करून पुढे निघून जायचे. ते निर्दय होते म्हणून नव्हे, तर मदत करणारा अडकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरला लागू. मदत करणाऱ्याला अडकवू नये, हे २०१६ मध्ये न्यायालयाने बंधनकारक केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आलं. दोन्ही बाजू लागल्या: दवाखान्याने दार उघडायचं आणि आणणाऱ्याला सोडायचं. समुद्रावर आज एकच बाजू आहे. जखमीला उचललंच पाहिजे असा कायदा आहे, आणि दवाखान्याला दार बंद ठेवायची मुभा.

या मुभेची किंमत कोण देतं, हे पैशाच्या अंगाने बघण्यासारखं आहे. माझ्या कामात बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने माल नेण्याच्या कराराचा कागद, रोज हातात असतं. त्यामागचा जुना आणि योग्य नियम असा, की समुद्रात जीव वाचवण्यासाठी जहाजाने वाट सोडली, तर तो कराराचा भंग नाही. म्हणजे उद्या अशा बचावामुळे जहाज उशिरा पोचलं आणि द्राक्षं मऊ पडली, तर निफाडच्या शेतकऱ्याला जहाज कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. मला हा नियम मान्य आहे. जिवापुढे तेरा टन द्राक्षं काहीच नाहीत. जहाजमालकाचा विमा जादा इंधन, खलाशांचा पगार, शिधा, बंदराचा खर्च यांतला काही भाग उचलतो, पण बुडालेलं भाडं सहसा उचलत नाही. एका दिवसाच्या बचावाचा हा भार सगळे निमूट सोसतात. अडतीस दिवसांचा भार मात्र बचावाचा नाही, तो एका सरकारच्या नकाराचा आहे, आणि तोही त्याच खलाशाच्या, मालकाच्या, शेतकऱ्याच्या माथी येतो. नकार देणाऱ्याला त्याचा एक रुपयाही लागत नाही. नकार स्वस्त असेल तोवर नकार येतच राहणार.

आणि शेवटी हा भार होडीतल्या माणसांवर जातो. रात्री दोन वाजता ब्रिजवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला दूर एक मिणमिणता दिवा दिसतो. तो मासेमारीचा असेल, किंवा नसेल. जवळ जाऊन बघायचं की नाही, हे ठरवताना त्याच्या मनात ‘मर्स्क एटिएन’ नसेल, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

व्हिएतनाममधून लाखो लोक होड्यांतून निघाले, त्या काळात हेच झालं होतं. वाचवलेल्यांना आसपासचे देश उतरवून घेईनात, तेव्हा जहाजं होड्या पाहून पुढे निघून जाऊ लागली. १९७९ च्या जिनिव्हा परिषदेनंतर अमेरिकेसह काही देशांनी एकत्र हमी दिली, की व्यापारी जहाजाने वाचवलेल्या व्हिएतनामी माणसाला तुम्ही उतरवून घ्या, नव्वद दिवसांत त्याला पुढे नेण्याची जबाबदारी आमची. सिंगापूरसारखं बंदर अशा हमीवर माणसं उतरवू द्यायला तयार झालं. मला यातली मांडणी महत्त्वाची वाटते. आधी जवळच्या बंदराचं कर्तव्य पक्कं केलं, मग बाकीच्यांनी त्याचं ओझं वाटून घेतलं. आज युरोपात उलटं चाललं आहे. ओझं कसं वाटायचं याचा करार होईपर्यंत जहाज उभं, आणि तोही प्रत्येक जहाजापुरता नव्याने.

आता आपल्या दाराशी येऊ. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी बांगलादेशातल्या कॉक्स बाजारहून नव्वद रोहिंग्यांना घेऊन एक बोट मलेशियाकडे निघाली. चार दिवसांत इंजिन बंद पडलं. ती अंदमानच्या समुद्रात वाहत गेली. अन्न संपलं, पाणी संपलं. आपल्या तटरक्षक दलाच्या जहाजांनी तिला गाठलं तेव्हा आठ जण मेले होते, एक्क्याऐंशी जिवंत होते. जवानांनी अन्न, पाणी, औषधं पोचवली. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. मग परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की या माणसांना सुखरूप परत नेण्याबद्दल बांगलादेशाशी बोलणी चालू आहेत. त्यांतल्या सत्तेचाळीस जणांकडे तिथल्या निर्वासित कार्यालयाची ओळखपत्रं होती. बांगलादेश म्हणाला, बोट आमच्या हद्दीपासून सतराशे किलोमीटरवर आहे आणि भारतापासून एकशे सत्तेचाळीस. ज्याला जवळ, त्याने घ्यावं. दोन्ही सरकारांचे युक्तिवाद ऐकायला ठीक होते. एक्क्याऐंशी माणसं ४ जूनला इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या एका छोट्या बेटावर पोचली. निघाल्यापासून एकशे तेरा दिवसांनी.

भारत शोध आणि बचावाच्या कराराचा सदस्य आहे. साधारण ४६ लाख चौरस किलोमीटरचं बचाव क्षेत्र आपण आपलं म्हणून सांगतो आणि मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर इथून ते सांभाळतो. एवढं मोठं क्षेत्र घेण्यात मान आहे. पण करारातली बचावाची व्याख्या घेतली, तर त्या फेब्रुवारीत आपण पहिली दोन पावलं टाकली आणि तिसरं टाकलं नाही. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, हे त्या बोटीसाठी सुरक्षित जागेच्या प्रत्येक कसोटीवर उतरत होतं. तिथे रुग्णालय आहे, पोलीस आहेत, विमानतळ आहे. भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही, हे या वेळी पुढे केलं जातं. पण तो करार माणूस उतरल्यावर त्याचं काय करायचं, याबद्दलचा आहे. उतरवण्याची जबाबदारी समुद्राच्या कायद्यातून येते, आणि त्यावर आपली सही आहे.

याला विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मी गंभीरपणे घेते. पहिला असा, की एकदा का बंदर उघडलं, की दलाल आणखी होड्या भरतील. दलाल हरामखोर आहेत यात वाद नाही. पण बचाव आखडता घेतल्याने होड्या थांबतात का, हे युरोपने करून पाहिलं आहे. इटलीची ‘मारे नोस्त्रुम’ ही मोठी नौदल मोहीम ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झाली. होड्या थांबल्या नाहीत. पुढच्याच एप्रिलमध्ये ‘किंग जेकब’ची रात्र आली, नौदलाच्या जागी एक मालवाहू जहाज होतं, एवढाच फरक पडला. ज्याच्या मागे म्यानमार आहे, तो आपण पोर्ट ब्लेअरला दार लावलं म्हणून कॉक्स बाजारच्या छावणीत सुखाने बसणार नाही. दलालाला धरायचं असेल, तर साक्षीदार लागतात, आणि ते किनाऱ्यावर उतरवलेल्या माणसांतूनच मिळतात. सुरक्षेची काळजी करणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. उतरवलेल्या माणसाची ओळख, ठसे, चौकशी सगळं होतं. समुद्रात सोडलेली बोट कुठल्या किनाऱ्याला रात्री लागेल, हे कुणाला ठाऊक नसतं.

दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. भूगोलाने ज्याला समुद्राजवळ ठेवलं, त्यानेच कायम का सोसायचं? माल्टाची लोकसंख्या नाशिक शहरापेक्षा कितीतरी कमी, आणि बचाव क्षेत्र त्याच्या जमिनीच्या शेकडो पट. त्याची तक्रार खोटी नाही. म्हणूनच उतरवण्याचं बंधन एकटं येऊ नये. व्हिएतनामच्या वेळसारखी हमी सोबत हवी, पैशांचा सामाईक निधी हवा, आणि ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्यानेही वाटा उचलायला हवा. मे २०१५ मध्ये अंदमान समुद्रात हजारो रोहिंग्या आणि बांगलादेशी अडकले होते. तीन देशांची नौदलं त्यांना एकमेकांकडे ढकलत होती. मग मलेशिया आणि इंडोनेशियाने सात हजार जणांना तात्पुरता आसरा द्यायचं कबूल केलं, वर्षभरात जगाने त्यांना पुढे न्यावं या अटीवर. ती अट पुढे नीट पाळली गेली नाही, आणि तो राग त्या देशांना असेल तर समजू शकतं. पण त्या दिवशी माणसं पाण्यातून जमिनीवर आली, ती या क्रमाने: आधी उतरवणं, मग वाटणी.

भारताने काय करावं, हे यातून सरळ निघतं. आपल्या केंद्राच्या समन्वयाने कुठल्याही जहाजाने माणसं वाचवली, तर अठ्ठेचाळीस तासांत दुसरी सोय झाली नाही तर ती आपल्या ठरलेल्या बंदरात उतरतील, असं सरकारने जाहीर करावं. मुंबई, चेन्नई, श्री विजयपुरम, एवढी तीन नावं पुरेत. जहाजाच्या कॅप्टनचा जबाब बंदरात घ्यावा आणि त्याच दिवशी त्याला सोडावं. चौकशीसाठी जहाज अडवू नये. उतरलेल्यांची नोंद, तपासणी आणि पुढचा निर्णय यासाठी एक अधिकारी आधीच नेमलेला असावा, म्हणजे प्रत्येक वेळी दिल्लीत फाइल फिरणार नाही. आणि आयएमओच्या परिषदेवर आपण वर्षानुवर्षे निवडून येतो, तिथे भारताने २००९ च्या त्या वाक्याची दुरुस्ती म्हणून मांडणी करावी. खलाशी पुरवणाऱ्या देशांत आपण जगात पहिल्या काहींत आहोत. डेकवर अडकणारी माणसं आपली आहेत, तेव्हा हे मागण्याचा अधिकार आपल्याइतका फार थोड्यांना आहे. मागण्याआधी आपलं स्वतःचं बंदर उघडं असलं, तर ते ऐकलंही जाईल.